सोफा-कम-बेड घेण्याआधी खोलीत खडूने आखून बघा

पत्र: आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधली तिसरी खोली 10 बाय 9 फुटांची आहे. आत शिरताना दार उजव्या कोपऱ्यात, समोर खिडकी, डावी-उजवी भिंत मोकळी. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते, त्यासाठी टेबल हवं. सासू-सासरे साताऱ्याहून वर्षातून चार-पाचदा आठ-दहा दिवस राहायला येतात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दुकानदार लोखंडी फ्रेमचा, घडी उलगडून पलंग होणारा सोफा घ्या म्हणतो, नवरा म्हणतो सुताराकडून करून घेऊ. काय घ्यावं, कुठे ठेवावं, आणि ते आलेले असताना मी काम कुठे करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

नमस्कार ताई,

सुताराकडून करून घ्या. दुकानातला सोफा वाईट असेल असं नाही, पण तुमच्या खोलीत तो उघडल्यावर टेबलाला जागा उरत नाही. घडी उलगडणाऱ्या सोफ्यात पलंग भिंतीपासून सरळ पुढे येतो आणि माणसं पाय खोलीकडे करून झोपतात. म्हणजे सोफ्याची पाठ आणि त्यापुढे माणसाची पूर्ण लांबी मिळून साधारण 90 इंच लागतात. तुमची खोली त्या दिशेने 9 फूट, म्हणजे 108 इंच. उरले 18 इंच. एवढ्यात टेबल बसत नाही, आणि रात्री बाथरूमला उठलेल्या माणसाला आडवं होऊन जावं लागतं. दुकानात हा सोफा मिटलेला असतो आणि आजूबाजूला भरपूर मोकळी जागा असते, म्हणून हे लक्षात येत नाही.

तुम्हाला हवा तो पुढे ओढायचा लाकडी प्रकार. यात बैठकीखालच्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पुढची कड ओढली की अर्ध्या पट्ट्या बाहेर येतात आणि पाठीला टेकलेली गादी त्या नव्या जागेत आडवी पडते. माणसं सोफ्याच्या लांबीला समांतर, भिंतीच्या कडेने झोपतात. त्यामुळे पुढे यायचं ते फक्त पलंगाच्या रुंदीएवढं, माणसाच्या लांबीएवढं नाही.

आता तुमच्याच खोलीचा हिशेब मांडू. दोघांसाठी पलंग निदान साडेचार फूट रुंद हवा, म्हणजे 54 इंच. चार फुटांचे बरेच मिळतात, पण त्यात दोन मोठी माणसं आठ-दहा रात्री काढू शकत नाहीत. 54 चे दोन भाग करा: 27 इंच कायमची बैठक, 27 इंच ओढून बाहेर येणारी. मागे पाठीच्या चौकटीला 5-6 इंच. म्हणजे सोफा मिटलेला असताना भिंतीपासून सुमारे 33 इंच आणि उघडल्यावर सुमारे 60 इंच. बैठक 27 इंच ऐकून खूप खोल वाटेल, पण त्यावर पाठीची 5 इंची गादी उभी राहते, तेव्हा बसायला 22 इंच उरतात आणि ते बरोबर आहे. पाठीची गादीसुद्धा 27 इंच उंच करावी लागेल, कारण रात्री तिलाच पुढचा अर्धा पलंग भरून काढायचा आहे. सोफा दिसायला जरा उंच पाठीचा होईल. हे आधीच मान्य करा, नाहीतर सुतार दिसायला छान म्हणून ती 20 इंचांची करेल आणि मधे सात इंचांची खाच उरेल.

हा सोफा डाव्या भिंतीला, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यापासून सुरू करा. दोन्ही हातांच्या आतली लांबी 72 इंच मागा. पुष्कळ ठिकाणी "सहा फुटी सोफा" म्हणजे हातांसकट सहा फूट असतो, आणि झोपायला साडेपाचच मिळतात. सासरे उंच असतील तर 75 करून घ्या, भिंत 120 इंच आहे, परवडेल. हात धरून सोफा 80 ते 84 इंच होईल आणि खिडकीकडे तीन फुटांची जागा राहील. तिथे काय ठेवायचं ते पुढे सांगते.

टेबल उजव्या भिंतीला, खिडकीजवळ. लांबी चार फूट, खोली 20 इंच. दार उघडताना ते उजव्या भिंतीला टेकतं असं धरलं, तर भिंतीचे पहिले 32 इंच त्याचे. पुढे 88 उरतात आणि त्यातले 48 तुमचे. या जागी बसल्यावर खिडकी डाव्या हाताला येते. पडद्यावर चमक पडत नाही आणि वहीवर उजव्या हाताची सावली पडत नाही. अनेकजण टेबल हौसेने खिडकीसमोर मांडतात, पण मग पडद्यामागून दिवसभर उजेड डोळ्यांत येतो आणि दुपारी पडदा ओढून ट्यूब लावायची वेळ येते. व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे मिटलेला सोफा दिसेल, त्याला हरकत नाही.

आता बेरीज करा. उघडलेला पलंग 60, टेबल 20, एकूण 80. 108 मधून 28 इंच उरले. खुर्ची टेबलाखाली सरकवली तर ही चालायला पुरेशी वाट आहे, आणि दारातून जरा डावीकडे सरकलं की ती सरळ खिडकीपर्यंत जाते. म्हणून टेबल दोन फूट खोल करायचा मोह टाळा. ते चार इंच रात्रीच्या वाटेतून जातात. लॅपटॉपशिवाय वेगळा मॉनिटर वापरत असाल तर तो भिंतीवर अडकवा, म्हणजे 20 इंच पुरतात. भिंतीला घडी होणारं टेबलही कुणीतरी सुचवेल. आठवड्यातून तीन दिवस काम करणाऱ्या माणसाला ते उपयोगी नाही, कारण त्यावर कायम काही ना काही असतंच आणि ते कधीच मिटत नाही.

कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नका. ऑर्डर देण्याआधी फरशीवर खडूने उघडलेला पलंग, टेबल आणि दाराची कमान प्रत्यक्ष आखा. टेबलाच्या जागी घरातलं कुठलंही टेबल ठेवा आणि रात्री दिवे मालवून त्या वाटेने चालून बघा. बांधकामातल्या 10 बाय 9 च्या खोलीत गिलावा आणि स्कर्टिंग धरून दोन-तीन इंच कमी निघू शकतात. 28 चे 25 झाले तरी चालेल. 22 झाले तर पलंग 54 ऐवजी 51 करा, टेबलाला हात लावू नका.

आता सासूबाईंच्या गुडघ्याकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. बाजारातले बहुतेक सोफा-कम-बेड 15-16 इंच उंच असतात आणि बसल्यावर फोम दबून 14 च्या खाली जातात. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला एवढ्या खालून उठणं हे दिवसातलं सगळ्यात अवघड काम असतं. रात्री झोपेतून उठताना तर फारच. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण 18 इंच असते, तेवढी उंची पलंगाला हवी. म्हणून लाकडी चौकट 14 इंच आणि वर 5 इंच फोम असे 19 सांगा. दीडेक इंच दबून साडेसतरा राहतील. सुताराला हे सांगताना एक गोष्ट ठासून सांगा: मागच्या आणि पुढे ओढायच्या, दोन्ही भागांचे पाय याच मापाने हवेत. नंतर फक्त मागच्या पायांखाली ठोकळे लावून उंची वाढवली, तर पुढचा भाग खाली राहतो आणि पलंग उतरता होतो.

शक्य असेल तर आधी सासूबाईंनाच विचारा. त्या घरी कुठल्या खुर्चीवरून सहज उठतात तिची उंची सासऱ्यांना फोनवर मोजायला सांगा. माझा 19 चा आकडा ढोबळ आहे, त्यांच्या खुर्चीचा आकडा त्यांचा आहे. सासूबाईंची उंची कमी असेल तर पाय लोंबकळतील इतका उंच पलंगही नको.

झोपायची बाजू ठरलेली असू द्या. पलंग भिंतीला लागून असल्यामुळे आतल्या माणसाला बाहेरच्याला ओलांडून किंवा पायथ्याकडून सरकत यावं लागतं. सासूबाई बाहेरच्या बाजूला. सासऱ्यांना रात्री जास्त वेळा उठावं लागत असेल तर मात्र हा पलंग दोघांसाठी सोयीचा नाही, हे स्पष्ट सांगते. त्या परिस्थितीत तुमची बेडरूम त्यांना द्या आणि सोफ्यावर तुम्ही दोघं झोपा. दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग आणि बहुधा जवळच बाथरूम त्यांना मिळेल. "तुमची खोली कशाला" असं त्या म्हणतीलच. आल्यावर आग्रह करत बसण्यापेक्षा त्यांची बॅग आधीच तिथे नेऊन ठेवा. तुमचं कामही मग अडत नाही, कारण सकाळी सोफा मिटला की खोली पुन्हा तुमची.

फोमबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सोफा-कम-बेड बिघडतो तो इथे. बैठकीच्या गादीला चांगला फोम घालतात आणि पाठीच्या गादीला मऊ, हलका फोम किंवा नुसता कापसासारखा भराव. बसताना पाठीला मऊ बरं वाटतं. पण रात्री तीच गादी पलंगाचा बाहेरचा अर्धा भाग असते. तिथे झोपलेलं माणूस खाली जातं, आतलं माणूस त्याच्या अंगावर घसरतं, आणि सकाळी दोघांचीही कंबर धरलेली असते. तुमच्याकडे तर बाहेरच्या बाजूला सासूबाई. म्हणून दोन्ही गाद्या एकाच फोमच्या, एकाच जाडीच्या, 40 डेन्सिटीच्या मागा. 32 डेन्सिटी बसायला चालतो, रोज रात्री झोपायला लवकर खचतो.

40 दिला की 32, हे कापड चढवण्याआधी वजनावरून कळतं. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. 72 बाय 27 बाय 5 इंचांची एक गादी 40 डेन्सिटीची असेल तर सुमारे 6.4 किलो भरते, 32 ची असेल तर सुमारे 5.1 किलो. विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा पुरतो. फक्त भराव मिसळून वजन वाढवलेला फोमही असतो, म्हणून वजनासोबत गुडघा रोवून बघा. काढल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे.

दोन्ही गाद्या सारख्या असल्या तरी मधे सांधा राहणारच, आणि तो झोपणाऱ्याच्या अंगाखाली लांबीभर येतो. यावर महागडी गादी घेऊ नका. घरात गोधडी असेल तर ती दुहेरी करून अख्ख्या पलंगावर अंथरा आणि वर चादर घट्ट खोवा. गोधडी जड असल्याने सरकत नाही आणि सांधा लागत नाही. नसेल तर दोन इंची पातळ कापसाची गादी चालेल. मात्र ती गुंडाळून ठेवायला जागा लागते, आणि तिच्यामुळे उंचीही वाढते, ते 19 मध्ये धरा.

ही अंथरुणं ठेवायला खिडकीकडची ती तीन फुटांची जागा. तिथे 30 इंच उंचीचं, 18 इंच खोल बुटकं कपाट करा. आत दोन उशा, चादरी, गोधडी. वर एरवी तुमचा प्रिंटर किंवा पुस्तकं, आणि पाहुणे असताना औषधं, चष्मा, पाण्याचा तांब्या. उंच कपाट केलंत तर ही सोय जाते. सोफ्याखाली साठवणीचा खण मागू नका. ओढायच्या प्रकारात तिथे पट्ट्या आणि पाय येतात, जो काही खण बसतो तो उथळ होतो आणि पावसाळ्यात त्यात ठेवलेल्या चादरींना कुबट वास लागतो. माळ्यावरही नको, कारण वर चढून काढावं लागलं की अंथरूण नीट घातलं जात नाही.

डोकं कपाटाच्या बाजूला येईल. तुमची खिडकी उत्तरेला असेल तर सासूबाई उत्तरेला डोकं करून झोपायला नाही म्हणण्याचा संभव आहे, तेव्हा हे आधी बघा. तसं असेल तर सोफा खिडकीकडे सरकवा आणि कपाट दाराच्या बाजूला घ्या. बाकी हिशेब बदलत नाही. सोफ्याच्या वर डोक्याशी पुस्तकांची फळी मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. पुस्तकं टेबलाच्या वरच्या भिंतीवर.

वीजकाम सुताराआधी उरका. पलंगाच्या डोक्याशी एक सॉकेट आणि पंख्या-दिव्याचं एक बटण हवं, म्हणजे दिवा मालवून अंधारात पलंगापर्यंत यावं लागत नाही. वाटेच्या कडेला फरशीपासून फूटभर उंचीवर मंद दिवा. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: राउटर आणि युपीएस या खोलीत असतील तर बाहेर हलवा. रात्री लाईट गेली की युपीएस किंचाळतो, आणि सकाळी इंटरनेट अडलं की राउटर बंद-चालू करायला तुम्हाला झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरावं लागतं.

काम कुठे करावं, याचं माझं उत्तर आहे: ते त्या खोलीत झोपत असतील तर तिथे नाही. सकाळी सोफा मिटवून दिवसभर ऑफिस चालवता येईल असं वाटतं, पण सासरे दुपारी दोन वाजता आडवे होणार, आणि त्याच वेळी तुमची मीटिंग असणार. मग ते हॉलमधल्या खुर्चीत डुलक्या घेतात आणि तुम्ही दारामागून हळू आवाजात बोलता. आठ दिवस हे कुणालाच मानवत नाही. त्यापेक्षा तुमच्या बेडरूममध्ये खिडकीपाशी 18 इंची एक छोटी फळी-टेबल आणि त्याजवळ एक सॉकेट आत्ताच करून ठेवा. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, चालू वह्या असं सगळं एका ट्रेमध्ये राहू द्या. ते येण्याच्या आदल्या संध्याकाळी तो ट्रे आणि ऑफिसची खुर्ची दोन्ही बेडरूममध्ये जातील. खुर्ची गेल्यामुळे रात्रीची वाटही मोकळी होते. त्यांच्या खोलीतल्या तुमच्या टेबलाचा एक खण रिकामा करून द्या, आणि दारामागे कपड्यांसाठी खुंट्या लावा. सासूबाईंना बॅग जमिनीवरून वाकून उघडायला लागू नये म्हणून ती टेबलावरच ठेवा, तेवढ्यासाठी टेबल पूर्ण मोकळं हवं.

सुताराला देण्याच्या सूचनांत दोन गोष्टी राहिल्या. प्लायवूड बीडब्ल्यूआर प्रतीचं मागा आणि शिक्का स्वतः बघा, म्हणजे पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकत नाहीत. आणि सोफा सुट्या भागांचा, बोल्टने जोडायचा करायला सांगा. तुमच्या दाराची मोकळी रुंदी 30 इंचांच्या आतबाहेर असेल, सोफा 33 इंच खोल आणि सात फूट लांब आहे. जोडून आणला तर लिफ्टमध्ये मावणार नाही, आणि जिन्याने वर आला तरी खोलीच्या दारात अडेल.

पैसे पूर्ण देण्याआधी सोफा तुमच्याच खोलीत उघडून बघा, आणि तो तुम्ही एकटीने उघडा, कारण रोज तेच होणार आहे. एका हाताने कड उचलून दुसऱ्याने ओढताना पट्ट्या मधेच अडकत असतील तर तिथेच रंधा मारून घ्या. पूर्ण ओढल्यावर बाहेरच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून बसा. मागची बाजू उचलली जात असेल, तर पुढचे पाय कडेपासून फार आत लावलेत, ते कडेला घ्यायला सांगा. शेवटी पाठीची गादी टाका आणि सांध्यावर हात फिरवा. दोन्ही बाजू एका पातळीत लागल्या की सुताराला सोडा, आणि पायांखाली जाड फेल्ट चिकटवा. नाहीतर पहिल्याच पाहुणचारात फरशीवर चार रेघा उठतील.